ग्रेन काढायचा नाही, बाजूला ठेवायचा

[दृश्य: पडद्याचे दोन भाग. डावीकडे मूळ स्कॅन, उजवीकडे त्याच शॉटची मोठी केलेली प्रत.]

डावीकडचा चेहरा बघा. पस्तीस मिलिमीटरच्या कृष्णधवल निगेटिव्हवरून स्कॅन केलेला हा क्लोज-अप. खिडकीतला उजेड एका गालावर आलेला आहे, मागे करडी भिंत, अंगात जाड लोकरी कोट. उजवीकडेही हाच शॉट आहे. त्यातला नॉइज काढला आणि मग चित्र दुप्पट मोठं केलं. रेषा नीट आल्यात, भिंत स्वच्छ झालीय. पण गाल मेणाचा झालाय. डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या गेल्या, आणि कोटाची वीण काही ठिकाणी सपाट झाली, तर काही ठिकाणी वळवळत्या रेघांची.

[दृश्य: भिंतीचा एक तुकडा, खूप जवळून. फ्रेम एकेक करत पुढे सरकते.]

हा भिंतीचा तुकडा. एक फ्रेम, दुसरी, तिसरी. भिंत तीच आहे, पण तिच्यावरचे ठिपके दर वेळी वेगळे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या संयुगांचे स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपिंगमध्ये काळी चांदी होते, उरलेले धुऊन जातात. एकटा कण आपल्याला दिसत नाही. एकावर एक आलेल्या कणांचे पुंजके दिसतात, त्यांना आपण ग्रेन म्हणतो. या गालाची सावली, हा भुवईचा केस, सगळं याच पुंजक्यांचं बनलंय. चित्र खाली आणि ग्रेन वर, असे दोन थर फिल्मवर नसतात. म्हणून ग्रेन पुसला की चित्रही पुसलं जातं.

मग डिनॉइज, म्हणजे ग्रेनची सफाई, करायचीच कशाला? कारण मोठं करणाऱ्या सॉफ्टवेअरला ग्रेन कळत नाही. आजचे बहुतेक अपस्केलर मोठी चित्रं आणि त्यांच्या लहान केलेल्या प्रतींच्या जोड्या पाहून शिकलेले असतात. समोरचा ठिपका त्वचेचं छिद्र आहे, लोकरीचा धागा आहे की नुसता ग्रेन, याचा त्यांना अंदाज बांधावा लागतो. गालावर ते सगळं सपाट करतात, कोटावर ठिपके जोडून रेघा ओढतात. आणि ग्रेन दर फ्रेमला बदलत असल्यामुळे हा अंदाजही दर फ्रेमला बदलतो. त्या वळवळत्या रेघा तिथून येतात.

तेव्हा अपस्केलरच्या हाती स्वच्छ चित्र द्यायचं, तेवढ्या वेळापुरता ग्रेन जपून बाजूला ठेवायचा, आणि शेवटी तो परत घालायचा.

[दृश्य: कामाचा संगणक. टाइमलाइनवर शॉट.]

हा स्कॅन २०४८ बाय १५५६ पिक्सेलचा आहे. तो ४०९६ बाय ३११२ करायचा आहे, म्हणजे बरोबर दुप्पट. सगळं काम १६ बिटमध्ये. ८ बिटमध्ये ग्रेन वेगळा काढला, तर भिंतीवरच्या छटांचे पट्टे दिसायला लागतात. ते पट्टे आजवर ग्रेननेच झाकलेले असतात.

पहिल्यांदा धूळ आणि उजेडाची थरथर काढून टाकायची. हा क्रम चुकवून चालत नाही. धुळीचा पांढरा ठिपका एकाच फ्रेममध्ये असतो. पुढची-मागची फ्रेम बघून सफाई करणाऱ्या फिल्टरला तोही ग्रेनच वाटतो, म्हणून तो ग्रेनच्या थरात जाऊन बसतो. शेवटी ग्रेन परत घातला की धूळही परत येते.

[दृश्य: पाच फ्रेम एका ओळीत. प्रत्येकीतला गालाचा तोच चौकोन ठळक होतो.]

आता सफाई. एका फ्रेमच्या मागच्या दोन आणि पुढच्या दोन, अशा मिळून पाच फ्रेम घेतल्या. चेहरा किंचित हलतोय, म्हणून चित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोन शेजारच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधलं जातं, आणि जुळणाऱ्या चौकोनांची सरासरी काढली जाते. गाल पाचही फ्रेममध्ये सारखाच असतो, त्यामुळे तो टिकतो. ग्रेन पाचही वेळा वेगळा, म्हणून तो एकमेकांत विरतो. पाच फ्रेमच्या सरासरीत त्याचा जोर साधारण ४५ टक्क्यांवर येतो. नऊ फ्रेम घेतल्या तर तो ३३ टक्क्यांवर येईल, पण इतक्या लांबच्या फ्रेम जुळवताना चुका वाढतात. या शॉटला पाच पुरेत.

एकाच फ्रेममध्ये आजूबाजूचे पिक्सेल मिसळून सफाई करणारे फिल्टरही आहेत, आणि ते झटपट काम करतात. पण त्वचेचं छिद्र आणि ग्रेनचा पुंजका यांचा आकार जवळपास सारखाच असतो, म्हणून एका फ्रेममध्ये बघून त्यांतला फरक ओळखणं फार अवघड. पुढच्या फ्रेममध्येही जे तिथेच असतं, ते छिद्र. जे नसतं, तो ग्रेन. चेहऱ्याच्या शॉटवर एका फ्रेमचा फिल्टर मी वापरू देणार नाही.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर करडं चित्र, त्यात हलणारे ठिपके.]

हे सगळ्यात महत्त्वाचं चित्र. मूळ फ्रेममधून साफ केलेली फ्रेम वजा केली की जे उरतं, ते हे. एकसारखं करडं, आणि त्यावर फक्त वाळूसारखे ठिपके दिसले पाहिजेत. कॉन्ट्रास्ट चौपट वाढवून बघूया.

[दृश्य: तेच चित्र, कॉन्ट्रास्ट वाढवलेलं. कोटाच्या बाहीची वीण आणि पापण्यांची कड दिसते.]

इथे बाहीची वीण दिसतेय. इथे पापणी. म्हणजे फिल्टरने ग्रेनसोबत कोट आणि डोळाही उचलला. २००५ मध्ये ब्युआडेस, कोल आणि मोरेल या तीन गणितज्ञांनी डिनॉइजच्या पद्धती तपासायला हीच वजाबाकी वापरली होती. फिल्टर चांगला असेल तर वजाबाकीत चित्राचा मागमूस दिसत नाही. साफ झालेल्या चित्राकडे बघून हे कधीच कळत नाही, कारण स्वच्छ गाल पहिल्या नजरेला छानच वाटतो.

वीण का उचलली गेली? चौकोन शोधताना ग्रेनच आडवा आला. जुळणी थोडी चुकली आणि बाहीचे शेजारशेजारचे धागे एकमेकांत मिसळले. यावर उपाय असा, की हालचाल शोधायला शॉटची किंचित धूसर केलेली प्रत वापरायची, आणि तिथे सापडलेली दिशा मूळ शॉटला लावायची. धूसर प्रतीत ग्रेन दबलेला असतो, म्हणून जुळणी नेमकी होते. पापणीचं कारण वेगळं. डोळा काही फ्रेममध्येच मिटतो, इतक्या झपाट्याने बदलणारा चौकोन शेजारच्या फ्रेममध्ये सापडतच नाही. तिथे जुळणीची अट कडक केली, म्हणजे चौकोन पुरेसा जुळत नसेल तर तो तसाच सोडून द्यायचा.

[दृश्य: पुन्हा काढलेली वजाबाकी. बाही गेलेली आहे. पापणीची पुसटशी कड.]

बाही गेली. पापणीची जरा कड उरली. चालेल, कारण हा थर फेकून द्यायचा नाहीये. त्यात चुकून जे गेलं, ते त्याच्यासोबत परत येणार.

[दृश्य: स्वच्छ चित्र मोठं होतं.]

आता स्वच्छ चित्र मोठं करायचं. अपस्केलरने दिलेलं चित्र जसंच्या तसं घेतलं नाही. साध्या गणिती पद्धतीने मोठी केलेली प्रत आणि अपस्केलरची प्रत निम्मी-निम्मी मिसळली. एकट्या अपस्केलरच्या प्रतीत पापणीची कड फार कोरीव येते, आणि वर ग्रेन घातला की त्या थरातली पुसट कड शेजारी दुहेरी दिसते. शिवाय ग्रेन असलेलं चित्र डोळ्याला आहे त्याहून रेखीव वाटतं, त्यामुळे साध्या पद्धतीचा मऊपणा पुढे फारसा जाणवत नाही.

[दृश्य: पडद्यावर तीन ओळी.]

```
grain  = core.std.MakeDiff(src, den)
grain2 = core.resize.Spline36(grain, 4096, 3112)
out    = core.std.MergeDiff(up, grain2)
```

या ओळी VapourSynth या व्हिडिओ-स्क्रिप्टच्या. src म्हणजे मूळ शॉट, den म्हणजे साफ केलेला, up म्हणजे मोठा केलेला. पहिल्या ओळीत ग्रेन वेगळा झाला, दुसरीत मोठा झाला, तिसरीत मोठ्या चित्रात परत आला. ग्रेन मोठा करताना तो अपस्केलरच्या हाती द्यायचा नाही, साध्या पद्धतीनेच मोठा करायचा. मोठा होताना पुंजक्यांच्या कडा मऊ पडतात. मग फक्त ग्रेनच्या थराला थोडं शार्पन लावायचं. त्या थरात चेहऱ्याच्या कडा जवळजवळ नसल्यामुळे शार्पनची पांढरी किनार चेहऱ्याभोवती येत नाही. मात्र स्कॅन करताना जे पिक्सेलात आलंच नाही, ते असं परत मिळत नाही. या स्कॅनमधल्या एका पिक्सेलमध्ये फिल्मचा सुमारे १२ मायक्रॉनचा भाग येतो. त्याहून बारीक ग्रेन हवा असेल, तर निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करायला हवी.

[दृश्य: तोच शॉट, त्यावर सॉफ्टवेअरने घातलेला तयार नॉइज.]

काही जण मूळ ग्रेन टाकून देतात आणि शेवटी वरून तयार नॉइज पसरतात. कोटाच्या काळ्या भागाकडे बघा. भिंतीवर जितके ठिपके, तितकेच कोटावरही नाचतायत. फिल्मवर असं होत नाही. मधल्या करड्या छटांमध्ये ग्रेन उठून दिसतो, गडद काळ्यात कमी. आणि या नॉइजचा प्रत्येक ठिपका एका पिक्सेलचा सुटा आहे, पुंजके नाहीतच.

[दृश्य: शॉटचा शेवट. डिझॉल्व्ह होऊन रस्ता दिसतो.]

शॉटच्या शेवटी डिझॉल्व्ह आहे, म्हणजे चेहरा विरत जातो आणि रस्ता उमटतो. तो सुरू व्हायच्या थोडं आधीच भिंतीवरचा ग्रेन अचानक दाट झाला, दिसलं? त्या काळी डिझॉल्व्ह ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर चित्र उतरवणाऱ्या यंत्रावर, करत. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून पुन्हा निगेटिव्ह, आणि तो तुकडा मूळ निगेटिव्हला जोडत. प्रत्येक प्रतीच्या फिल्मने आपला ग्रेन भरला. इथे थर वेगळा असल्याचा फायदा होतो. या तुकड्यात ग्रेन थोड्या कमी जोराने परत घातला, म्हणजे उडी सौम्य झाली. पूर्ण घालवली नाही. चित्रगृहातल्या प्रेक्षकांनीही ती पाहिलेली आहे.

[दृश्य: मूळ आणि नवी प्रत शेजारी. फ्रेम एकेक करत पुढे.]

मोठी प्रत पुन्हा २०४८ वर आणून मूळ स्कॅनशेजारी ठेवली. भिंतीचा तोच तुकडा घेऊन दोन्हीकडच्या ठिपक्यांचा चढउतार मोजला, जवळजवळ सारखा आला. मग फ्रेम एकेक करत बघितल्या. चेहरा सरकला आणि ग्रेन मात्र जागीच राहिला, असं दिसलं असतं तर सफाईत जुना ग्रेन गोठून राहिलाय असं समजायचं. इथे प्रत्येक फ्रेमला तो नवा आहे.

[दृश्य: त्याच शॉटची कमी बिटरेटची प्रत. भिंतीवर चौकोन.]

प्रत लोकांपर्यंत पोचते ती दाबून लहान केलेल्या फाइलमधून, आणि तिथे पहिला बळी ग्रेनचाच जातो. x264 हा एन्कोडर वापरत असाल तर `--tune grain` द्या आणि फाइल मोठी होऊ द्या.