'व्हिलेट'च्या शेवटच्या पानावरचे वादळ

नमस्कार. शार्लट ब्राँटे यांची 'व्हिलेट' ही कादंबरी १८५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटाबद्दल आज मी बोलणार आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवावा, ही मनापासून विनंती.

कथा सांगते आहे ती ल्यूसी स्नो. तिचा प्रियकर पॉल इमॅन्युएल तीन वर्षांसाठी ग्वाडेलूप बेटावर जातो आणि जाण्यापूर्वी तिला एक छोटी शाळा उभी करून देतो. परतीचा दिवस ठरतो, आणि तेवढ्यात अटलांटिकवर सात दिवसांचे वादळ उठते. समुद्र फुटलेल्या जहाजांनी भरून जातो. याच ठिकाणी ल्यूसी थांबते. आशावादी मनांनी पुनर्भेटीची आणि पुढील सुखी संसाराची कल्पना करावी, एवढेच ती म्हणते. तो परतला की बुडाला, आणि म्हणून ल्यूसीचे आयुष्य संसारात गेले की एकटेपणात, हे ती सांगतच नाही.

मग निर्णय कशावरून करायचा? केवळ शेवटच्या पानावरून करू नये, असे माझे मत आहे. चौथ्या प्रकरणाकडे परत जा. तिथे ल्यूसी आपल्या आठ वर्षांविषयी म्हणते की, शांत बंदरात विसावलेल्या नौकेसारखी माझी कल्पना वाचकाने खुशाल करावी. आणि लगेच पुढे कबूल करते की प्रत्यक्षात जहाज बुडाले होते. वाचकाला सुखाचे चित्र रंगवू द्यायचे आणि आपले दुःख आडून सांगायचे, ही तिची जुनी सवय आहे. शेवटी तीच परवानगी, तोच समुद्र पुन्हा येतो. त्याच प्रकरणात ती सांगते की वाऱ्याचा विशिष्ट आक्रोश आपल्या आयुष्यात तीनदा अशुभ ठरला आहे, आणि शेवटच्या वादळात खिडक्यांशी रडणाऱ्या वाऱ्याला ती शांत हो म्हणून विनवते. इतक्या दूरच्या दोन जागा एकमेकींना असे उत्तर देत असतील, तर तो योगायोग मानणे मला जड जाते.

विरुद्ध बाजूने काय आहे? आशेला जागा ठेवण्याचे तिचे शब्द आहेत, आणि मृत्यू कुठेही उच्चारलेला नाही. उलट, एलिझाबेथ गॅस्केल यांनी शार्लट ब्राँटे यांच्या १८५७ च्या चरित्रात लिहिले आहे की, लेखिकेच्या वडिलांना दुःखद शेवट नको होता, पण पॉलचा समुद्रातील मृत्यू लेखिकेच्या मनात पक्का होता, म्हणून तिने तो संदिग्ध शब्दांत झाकला. ही माहिती मोलाची आहे. तरीही ती कादंबरीबाहेरची आहे, आणि झाकलेले झाकलेलेच ठेवण्याचा निर्णयही लेखिकेचाच होता. म्हणून मी तिला पूरक पुरावा मानतो, निकाल नव्हे.

माझ्यासाठी सर्वांत जड पुरावा अखेरच्या ओळींत आहे. ज्यांनी या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवले, त्या मादाम बेक आणि पेअर सिला यांची पुढे भरभराट झाली, आणि मादाम वॉलरावेन्स नव्वदी गाठून वारली, असे ल्यूसी नोंदवते. सगळ्यांचे पुढे काय झाले ते ती सांगते, स्वतःचे मात्र नाही, आणि मग एकच शब्द लिहिते: निरोप.