सामाईक ग्रुप: दोन्ही बाजूंनी दिसणारी यादी

(सांगलीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

व्हॉट्सअॅपवर एखाद्या व्यक्तीशी असलेली चॅट उघडून वर तिच्या नावाला स्पर्श केला, की तिची माहिती असलेले पान उघडते. ते पान खाली सरकवत गेल्यावर groups in common अशा मथळ्याखाली एक यादी दिसते. तुम्ही आणि ती व्यक्ती, दोघेही आज ज्या ग्रुपांत आहात, तेवढेच ग्रुप या यादीत येतात. ती व्यक्ती एकटी कुठे कुठे आहे, हे तिथे कळत नाही. जतन न केलेल्या क्रमांकावरून पहिला संदेश आला, तर हीच माहिती चॅटच्या माथ्यावरच्या छोट्या चौकटीत दिसते: हा क्रमांक तुमच्या संपर्कयादीत नाही, आणि सामाईक ग्रुप इतके आहेत किंवा एकही नाही.

गेल्या हंगामात तासगावकडचे माझे एक परिचित बागायतदार फोन घेऊन माझ्याकडे आले. नव्या क्रमांकावरून संदेश आला होता, "काका, मी अमुक अडत्यांचा मुलगा. बाबांचा नंबर बदललाय. बेदाण्याच्या गाडीचे भाडे आगाऊ लागतेय, या खात्यावर टाका." चौकटीत एक सामाईक ग्रुप दाखवला जात होता, आणि तेवढ्याने आमच्या बागायतदारांचा निम्मा विश्वास बसला होता. "सर, आपल्याच ग्रुपातला दिसतोय हा," असे ते मला म्हणाले.

आम्ही ती यादी उघडली. तो एकमेव ग्रुप ऑगस्ट २०१९च्या महापुरात तयार झालेला होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले होते. गावभागातली आणि सांगलवाडीतली माणसे अडकलेली असताना होडी कुठे आहे, जेवणाची पाकिटे कुठे पोहोचायची आहेत हे कळावे म्हणून कुणीतरी त्या ग्रुपची लिंक जाहीर केली आणि ती हजारो हातांतून फिरली. त्या घाईत तसे करणे योग्यच होते. परंतु लिंकवर बोट ठेवून आत आलेल्या माणसाला कुणीही ओळखून घेतलेले नसते. म्हणून अशा ग्रुपमधला सामाईकपणा एवढेच सांगतो, की त्या दोघांच्या हाती कधीतरी एकच लिंक लागली होती. याउलट बारा बागायतदारांचा ग्रुप असेल आणि त्यातला प्रत्येक माणूस अॅडमिनने स्वतःच्या संपर्कयादीतून घेतलेला असेल, तर त्या सामाईकपणाला वजन असते. यादीतले नाव वाचल्यावर ग्रुप उघडून, माणसे आत कशी येतात हे पाहायला हवे. अमुक व्यक्ती लिंकने आली किंवा अमुकने तमुकला घेतले, अशी ओळ चॅटमध्ये मधोमध उमटते. अर्थात ती व्यक्ती आली तेव्हा तुम्ही आत असाल आणि नंतर चॅट पुसलेली नसेल, तरच ती ओळ तुम्हाला सापडेल.

त्यानंतर आम्ही अडत्यांचा जुना क्रमांक उघडला. तिथे चार सामाईक ग्रुप होते: बेदाण्याच्या दरांचा, द्राक्षबागेच्या फवारणीचा, एका देवस्थानाचा आणि हाच पुराचा. आता विचार करा. माणूस अॅपमधल्या क्रमांक बदलण्याच्या सोयीने नवा क्रमांक घेतो, तेव्हा त्याचे ग्रुप त्याच्याबरोबर नव्या क्रमांकावर जातात. इथे जुना क्रमांक चारही ग्रुपांत जागच्या जागी होता, आणि नव्याला दरांच्या ग्रुपमध्ये थारा नव्हता. नवे सिमकार्ड घालून खाते पहिल्यापासून उघडले असते, तरीही असेच दिसले असते, म्हणून एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. मात्र पैसे थांबवायला ते पुरे होते. जुन्या क्रमांकावर साधा फोन लावला. अडत्यांनी तो उचलला, आणि आपला क्रमांक बदललेला नाही, असे सांगितले.

या पडताळणीची एक मोठी मर्यादा आहे. फसवणारा परका क्रमांक वापरत असेल, तरच ती उपयोगी पडते. एखाद्याकडून सहा अंकी कोड काढून घेऊन त्याचे खातेच ताब्यात घेतले गेले असेल, तर क्रमांक तोच राहतो, चारही सामाईक ग्रुप यादीत दिसतात आणि यादी सारे ठीक असल्याचा भास निर्माण करते. तिथे आवाज ऐकण्याला पर्याय नाही.

आता या यादीच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. बागायतदारांना जो ग्रुप दिसला, तोच त्या अनोळखी माणसालाही त्यांच्या नावाखाली दिसत होता. ग्रुपमुळे त्याला त्यांचा क्रमांक मिळाला, कारण नेहमीच्या ग्रुपमध्ये प्रत्येक सदस्याचा क्रमांक इतरांना दिसतो. प्रोफाइलचा फोटो सर्वांसाठी खुला होता आणि त्यात शेडवर वाळत घातलेली द्राक्षे होती. तो माणूस २०१९पासून ग्रुपमध्ये असेल, तर घरात किती माणसे अडकली आहेत आणि घर कोणत्या गल्लीत आहे, हे बागायतदारांनीच लिहिलेले त्याने वाचलेले असणार. "काका" हे संबोधन आणि बेदाण्याच्या गाडीची सबब कुठून आली असेल, हे त्यांना तिथेच उमगले.

पैशाशी संबंध नसलेले प्रसंगही घडतात. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने शाळेतल्या सहकाऱ्याचा क्रमांक सहज उघडला, तर यादीत पुनर्विवाहेच्छुकांचा एक ग्रुप दिसला. त्या ग्रुपात शेकडो माणसे असल्याने दोघांनी एकमेकांना तिथे कधी पाहिले नव्हते. तिला त्याचे गुपित कळले, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आले, की तो तिचे नाव उघडेल त्या दिवशी त्यालाही तेच कळेल. कोण यादी पाहून गेले, याची वर्दी व्हॉट्सअॅप कुणालाही देत नाही. तिने तो विषय कधी काढला नाही. त्यानेही काढलेला नाही. (त्याने यादी पाहिली असावी, अशी मला दाट शंका आहे.)

एका श्रोत्याने विचारले आहे, की अशा माणसाला ब्लॉक केले तर ग्रुप सुटतो का. सुटत नाही. ब्लॉक केल्याने थेट संदेश आणि कॉल थांबतात; सामाईक ग्रुपमध्ये मात्र तुम्ही लिहिलेले त्याला आणि त्याने लिहिलेले तुम्हाला दिसतच राहते. ग्रुप सोडला, तर तो यादीतून जातो. सोडल्याची सूचना फक्त अॅडमिनला मिळते, तरी पुढचे ६० दिवस ग्रुपचे सदस्य माजी सदस्यांच्या यादीत तुमचे नाव पाहू शकतात. आणि त्याने तुमचा क्रमांक एव्हाना जतन केला असेल, तर तो त्याच्याकडे राहतोच.

आमच्या बागायतदारांनी त्या क्रमांकाची तक्रार नोंदवून त्याला ब्लॉक केले, आणि प्रोफाइलचा फोटो केवळ आपल्या संपर्कयादीतल्या माणसांना दिसेल, असे सेटिंग केले. पुराचा ग्रुप सोडायला मात्र ते तयार झाले नाहीत. जुलै उजाडला, की आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी दर दोन तासांनी त्याच ग्रुपवर येते, असे ते म्हणाले.