गल्ल्यात नसलेली रोकड

नमस्कार श्रोतेहो. दुकानात क्यूआर कोड लावलाय, पण त्यावरचे पैसे मालकाच्या घरच्या बचत खात्यात जातात, असं अनेक ठिकाणी दिसतं. एकल मालकीत मालक आणि धंदा कायद्याने एकच, म्हणून पैसा कुठेही गेला तरी चालेल असं वाटतं. वह्यांना मात्र ते चालत नाही.

समजा, महिन्याची विक्री 92,000 रुपये. त्यातले 50,000 रोख आले, 42,000 क्यूआरवर. बिलं फाडताना सगळीच विक्री रोख म्हणून लिहिली गेली. आता रोजमेळ म्हणतो शिल्लक 42,000 ने जास्त हवी, आणि गल्ला उघडला तर तेवढी रोकड नाहीच. वहीतली रोकड अशी फुगत चालली की पहिला संशय क्यूआरवर घ्या.

दुरुस्ती सोपी आहे. ते 42,000 मालकाच्या उचल खात्याच्या नावे टाका आणि रोख खात्याला जमा करा. विक्री 92,000च राहते. अर्थ एवढाच, की धंद्याचे पैसे मालकाच्या हाती गेले.

पुढे मालकाने त्याच बचत खात्यातून घाऊक व्यापाऱ्याला मालाचे 12,000 दिले आणि 20,000 दुकानाच्या बँक खात्यात वळवले. इथे माझ्या पाहण्यातली सगळ्यात महागडी चूक होते. दुकानाच्या खात्यात 20,000 आलेले दिसले, की लिहिणारा ते विक्रीत धरतो. विक्री 1,12,000 होते आणि न कमावलेल्या पैशांवर करही भरावा लागू शकतो. तो पैसा मालकाकडून परत आलेला आहे. म्हणून बँक खाते नावे, उचल खाते जमा. मालाचे 12,000 सुद्धा व्यापाऱ्याच्या नावे आणि उचल खात्याला जमा. आता उचल उरली 10,000. त्यातले 5,000 मुलांच्या फीला गेले असतील, तर त्याची वेगळी नोंद नको. ते उचलीतच आहेत.

अर्थात 42,000 हा आकडा बचत खात्याच्या एकूण जमेवरून काढायचा नाही. भावाने परत केलेले हातउसने, व्याज, हेही तिथेच जमा होतं. खात्याचा उतारा काढून एकेक जमा त्या दिवसाच्या बिलाशी जुळवा आणि खूण करा. जुनी उधारी फेडणारं गिऱ्हाईक सापडलं, तर ती रक्कम त्याच्या खात्याला जमा करा. त्याची विक्री माल दिला तेव्हाच लिहिलेली असते. महिन्याने जुळवलं तर कोण कशाचे देऊन गेलं हे आठवत नाही, म्हणून हे काम रोज रात्री, गल्ला मोजतानाच करा.

दुकानाच्या खात्याचा नवा क्यूआर लावलात, तरी जुनी गिऱ्हाइकं फोनमधल्या आधीच्या व्यवहारावरून जुन्याच खात्यात पैसे पाठवत राहतात. तेव्हा बचत खात्याचा उतारा आणखी काही महिने तरी तपासत राहा. नमस्कार.