फंडाने कमावलं, मग तुमचे पैसे कुठे गेले?

अमेरिकेत सीजीएम फोकस नावाचा फंड होता. २००० ते २००९ या दशकात त्याने वर्षाला सुमारे १८ टक्के परतावा दिला. पण फंडांचा अभ्यास करणाऱ्या मॉर्निंगस्टार या कंपनीने त्यात लोकांचे पैसे कधी आले-गेले याचा हिशेब मांडला, तेव्हा सर्वसाधारण गुंतवणूकदाराला वर्षाला सुमारे ११ टक्के तोटा झालेला निघाला. दोन्ही आकडे खरे आहेत. २००७ मध्ये फंड ८० टक्के वाढला, ते पाहून लोकांनी पैसे ओतले आणि २००८ मध्ये तो जवळपास निम्म्यावर आला.

हे कसं होतं, ते आपण छोट्या आकड्यांत पाहू. एका फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १० रुपये आहे. वर्षभरात ती १५ होते, पुढच्या वर्षी १२ वर उतरते. फंडाचं माहितीपत्रक, म्हणजे फॅक्टशीट, म्हणेल, १० चे १२ झाले, म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ टक्के. हा काळभारित परतावा. यात कोणी किती पैसे घातले हे धरतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोक कधी येतात, कधी जातात, हे फंड मॅनेजरच्या हातात नसतं.

आता तुम्ही सुरुवातीला १० हजार घातले, १,००० युनिट मिळाले. वर्षाने ते १५ हजार झाले. तुम्ही खूश होऊन आणखी ९० हजार घातले, पण १५ च्या भावाने ६,००० युनिटच आले. दोन वर्षांनी ७,००० युनिटचे १२ च्या भावाने ८४ हजार झाले. लाख घालून सोळा हजार गेले! चांगल्या वर्षात तुमचे दहाच हजार कामाला होते, वाईट वर्षात लाखाहून जास्त. हे वजन धरून येतो तो रक्कमभारित परतावा: वर्षाला उणे १४.७ टक्के. स्टेटमेंटवर तो ‘एक्सआयआरआर’ म्हणून दिसतो.

तो घरी काढून पाहा. एक्सेलमध्ये A रकान्यात तारखा लिहा, B मध्ये रकमा. भरलेली रक्कम उणे, आजचं मूल्य अधिक.

```
=XIRR(B2:B4,A2:A4,-0.1)
```

शेवटचा -0.1 हा आपला अंदाज. तोटा असताना तो दिला नाही, तर एक्सेल कधीकधी शून्याला चिकटलेलं चुकीचं उत्तर देतं. आणि व्यवहार वर्षाच्या आतले असतील तर या आकड्यावर विसंबू नका. महिन्यातली ५ टक्के वाढ तो वर्षाची ८० टक्के करून दाखवतो.

मला नेहमी विचारतात, एसआयपीचा एक्सआयआरआर फंडाच्या परताव्यापेक्षा कमी आला, तर माझं चुकलं का? तसं नाही. तेजी आधीच्या वर्षांत झाली असेल, तर तेव्हा तुमचे हप्ते थोडेच जमलेले होते. तुम्ही शिस्तीने भरूनही फरक पडणारच. आणि त्या आकड्याची तुलना फॅक्टशीटशी करूच नये. त्याच तारखांना, त्याच रकमा इंडेक्स फंडात गेल्या असत्या तर एक्सआयआरआर किती आला असता, ते काढा आणि त्याच्याशी ताडून पाहा. दोन्हीकडे वेळ तीच, रक्कम तीच. मग जो फरक उरतो, तो फंडाचा.