पावसात सुटणारा सिग्नल

[दृश्य : पंचवटीतली तीन मजली इमारत, श्रावणातली सर, गच्चीवरून खाली लोंबणारी काळी केबल]

पाऊस सुरू झाला की या घरातलं केबल ब्रॉडबँड बंद पडतं. मोडेमवरचा दिवा लुकलुकायला लागतो, पाचेक मिनिटांनी पुन्हा स्थिर होतो आणि थोड्या वेळाने तेच. असं झालं की बहुतेक लोक मोडेम बदलतात. त्याआधी मोडेम स्वतः काय सांगतोय ते वाचायला हवं.

[दृश्य : लॅपटॉपवर मोडेमचं पान]

ब्राउझरमध्ये `192.168.100.1` टाकलं की बहुतेक केबल मोडेमचं सिग्नलचं पान उघडतं. त्यातले दोनच आकडे बघू. पहिला डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे घरात येणारा सिग्नल. तो डीबीएमव्ही या सिग्नलच्या जोराच्या मापात उणे 7 ते अधिक 7 च्या आत असला तर निर्धास्त राहावं. दुसरा अपस्ट्रीम पॉवर, म्हणजे मोडेमला परत किती जोर लावून बोलावं लागतंय. वाटेत सिग्नल जितका गळतो, तितका मोडेम आवाज चढवतो. हा आकडा 50 च्या वर गेला की मोडेमचा जोर संपत आलेला असतो. मग एवढीशी गळती वाढली तरी त्याचं बोलणं पलीकडे पोचत नाही आणि नोंदींमध्ये `T3 time-out` दिसू लागतं.

या घरात पहिला आकडा उणे 12 आहे, दुसरा 53.

[दृश्य : गच्चीवर पत्र्याखाली टांगलेला चार तोंडांचा स्प्लिटर]

एका केबलचा सिग्नल वाटून देणाऱ्या या डबीच्या एका तोंडाला मोडेम, दुसऱ्याला टीव्ही, बाकी दोन रिकामी. चार तोंडांचा स्प्लिटर चांगला असला तरी प्रत्येक तोंडावर सिग्नलचा साधारण 7 डीबी जोर खातो, दोन तोंडांचा साडेतीन. हे नुकसान येताना होतं तसंच जातानाही होतं. म्हणून स्प्लिटर तपासायची सोपी रीत अशी : तो काढायचा, येणारी केबल जॉइंटरने थेट मोडेमच्या केबलला जोडायची आणि आकडे पुन्हा वाचायचे. फरक 7 च्या आसपास आला तर स्प्लिटर ठीक आहे.

इथे आकडे झाले उणे 1 आणि 42. फरक 11 चा. म्हणजे ठरलेल्या नुकसानाशिवाय आणखी 4 डीबी या डबीत किंवा तिच्या पिनांत, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या जोडांत, मुरत होते.

[जवळून : उघडलेली पिन]

हे बघा. आतली तांब्याची तार चकचकीत हवी, ती काळी पडलीय. तिच्याभोवतीच्या धातूच्या जाळीवर हिरवट थर आहे. पाणी केबलवरून ओघळत थेट पिनेत शिरलंय, कारण केबल वरून सरळ खाली स्प्लिटरमध्ये उतरते. जोडाच्या आधी केबलला खाली वळसा असता, तर पाणी त्या वळशाच्या तळाशी टपकलं असतं. आणखी एक गोष्ट : जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला टेकलाय. सिग्नल मारायला तेवढा पुरतो.

अशी पिन पुसून परत लावण्यात अर्थ नाही. केबल मागे सरकत कापायची, आतली जाळी कोरडी आणि चमकदार दिसेपर्यंत. मग आरजी सिक्स केबलचं बाहेरचं आवरण साधारण 12 मिलिमीटर काढायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरा फेस टोकाकडून 6 मिलिमीटर काढायचा. पिन आत दाबली की फेस पिनेच्या आतल्या तळाशी समपातळीत यायला हवा आणि तार तोंडाबाहेर साधारण 3 मिलिमीटर. तार आखूड राहिली तर पुढच्या खोबणीत धड बसत नाही, आणि नेमका असाच जोड कधी लागतो, कधी सुटतो. पिळून बसवायच्या पिना घेऊ नयेत, दाबयंत्राने बसणारी कॉम्प्रेशन पिनच घ्यावी. शेवटी हाताने पूर्ण आवळून 11 नंबरच्या पान्याने पाव फेरी, त्याहून जास्त नाही.

[दृश्य : नवा दोन तोंडांचा स्प्लिटर]

दुकानात स्प्लिटर घेताना त्यावर छापलेले आकडे वाचा. 5 ते 1000 मेगाहर्ट्झ हवा. डिश अँटेनासाठीचे स्प्लिटर बहुधा 950 मेगाहर्ट्झपासून सुरू होतात, दिसायला सारखेच. मोडेम मात्र परत बोलतो ते अगदी खालच्या फ्रीक्वेन्सीवर, त्यामुळे तो लावला तर मोडेम जोडलाच जाणार नाही. पुढे एखादं तोंड रिकामं ठेवावं लागलं तर त्यावर 75 ओहमची टोपी बसवा, नाहीतर तिथून सिग्नल उलट फिरतो.

नवा स्प्लिटर लागला : उणे साडेचार आणि साडेपंचेचाळीस. हिशोबाशी जुळलं.

थेट जोडूनही आकडे वाईटच आले असते, तर दोष घराच्या बाहेरच्या वायरीत असता. तिथे ऑपरेटरला हेच आकडे सांगून बोलवावं. खांबावरच्या ॲम्प्लिफायरला हात लावू नये, त्या वायरीतून वीजही जाते.

[दृश्य : पुढची सर, मोडेमचं पान, दोन्ही आकडे जागच्या जागी]