रात्री मुंग्या येणारा हात

नमस्कार श्रोतेहो. कार्यक्रम ऐकता ऐकताच दोन्ही तळहात समोर धरा आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बघा. दोन्हीकडे सारखाच भरलेला आहे, की एका हाताला चपटा झालाय? आज बोलायचंय ते या उंचवट्याबद्दल.

वसमतकडच्या एका मावशींचं उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय पन्नाशीच्या आतबाहेर. घरी दोन म्हशी, दोन्ही वेळची धार त्याच काढायच्या. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीही असायची. रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. उठून हात झटकला, खाटेखाली लोंबता सोडला की मोकळं वाटायचं. कुणीतरी मानेचा एक्सरे काढला आणि 'मणक्यात गॅप आहे' म्हणून सांगितलं. मग मानेचा पट्टा आणि ताकदीची इंजेक्शनं सुरू झाली. या वयात मानेच्या एक्सरेमध्ये थोडीफार झीज पुष्कळांना दिसते. मुंग्या तिच्यामुळेच आहेत, हे त्यावरून ठरत नाही.

मी त्यांना एकच विचारलं, "मावशी, करंगळीला मुंग्या येतात का?" त्या म्हणाल्या, "न्हाई डाक्टर, ती सोडून बाकी समदी बोटं."

मनगटात खाली लहान हाडं आणि वर एक जाड, चिवट पट्टा आहे. या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेतून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस, तिचं नाव मीडियन. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची जाणीव तिच्याकडे असते. करंगळी दुसऱ्या नसेवर चालते, म्हणून ती सुटते. झोपेत मनगट मुडपलं जातं, त्या जागेतला दाब वाढतो आणि नसेला रक्त कमी पडतं. म्हणून त्रास रात्रीचा. या आजाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, संधिवात यांत तो जास्त आढळतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आम्ही करतोच.

मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता रातीला जाग येत न्हाई, बरंच बरं हाय." मला काळजी वाटली ती इथेच. बोटांना सुई टोचून पाहिली तर टोच नीट कळत नव्हती, आणि उंचवट्याच्या जागी चक्क खळगा होता. नस फारच दबली की ती मुंग्यांचे इशारे देणंही कमी करते. त्रास कमी झाला म्हणून माणूस खूश होतो आणि इकडे स्नायू वाळत जातो.

हे घरात लक्षात का येत नाही? मूठ आवळणारे आणि अंगठ्याचं टोक वाकवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात, आणि त्यांना नसेचे फाटे मनगटाच्या अलीकडेच मिळालेले असतात. त्यामुळे धार काढता येते, कळशी उचलता येते. अडतं ते शर्टाचं बटण लावताना आणि सुई धरताना. तपासायचं असेल तर हात उताणा टेबलावर ठेवा, अंगठा सरळ छताकडे उभा करा आणि दुसऱ्या हाताने तो खाली दाबा. एका बाजूचा सहज पडला तर डॉक्टरांना दाखवा. करंगळीही बधिर असेल, किंवा अंगावर न कळणारा चट्टा असेल, तर कारण वेगळं असू शकतं. आपल्या भागात कुष्ठरोगाचाही विचार करावाच लागतो, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे.

नुसत्या मुंग्या असतील तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी काही आठवडे बांधून बघतात. आवळून बांधलेलं क्रेप बँडेज म्हणजे ती पट्टी नव्हे. त्याने दाब उलट वाढेल. गरज वाटली तर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. उंचवटा बसू लागला असेल तर मात्र पट्टीवर वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हलका करंट देऊन नसेचा वेग मोजतात, म्हणजे ती कुठे आणि किती दबलीय ते कळतं. मग तो पट्टा कापून नस मोकळी करायची. बहुतेक वेळा एवढा हातच बधिर करून हे होतं, आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो.

मावशींनी ऑपरेशन करून घेतलं. म्हशींची धार काही आठवडे सुनेने काढली. बोटांची जाणीव हळूहळू, काही महिन्यांत बरीचशी परतली. उंचवटा मात्र पूर्ण भरला नाही. सुई आता धरता येते, पण बटणाला त्या अजून डावा हात लावतात.