पेल्यात पडलेले आणि चादरीवर आलेले

पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'विविधता निर्देशांक' छापलाय, ठाऊक आहे. पण निर्देशांक काढायला आधी किडे पकडावे लागतात, म्हणून आधी मला पेल्याबद्दल बोलू द्या.

मुलुंडला, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या एका सोसायटीच्या मागे आम्ही दहा प्लॅस्टिकचे ग्लास जमिनीत पुरले. पिटफॉल सापळा म्हणजे एवढंच. तळाला दोन बोटं मिठाचं पाणी आणि साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर हलक्या मुंग्या पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगतात आणि काठ गाठून निघून जातात. तीन सकाळी पाहिलं, एकाही ग्लासात काहीच नाही. चौथ्या रात्री मी टॉर्च घेऊन पोटावर आडवा झालो. एक भुंगेरा आला, त्याच्या मिशा काठाला लागल्या, आणि स्वारी काठाकाठाने वळसा घालून निघून गेली. काठ मातीच्या वर दोन-तीन मिलिमीटर होता, बस्स! तेवढ्यात वॉचमन आला, "साहेब, चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, भुंगेऱ्याला आली नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे."

काठापर्यंत माती लिंपली आणि भुंगेरे पडू लागले. उलटही होतं बरं का. ताज्या खणलेल्या मातीभोवती मुंग्यांची वर्दळ वाढते. म्हणून आता आम्ही ग्लास पुरून झाकण लावतो आणि काही दिवसांनी उघडतो. म्हणजे पेला मोजतो ती वर्दळ. जो जास्त फिरतो, तो जास्त पडतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर प्रकाशसापळा. पांढरी चादर, पुढे दिवा, शक्यतो अमावास्येच्या आसपास, कारण चांदण्यात पतंग कमी येतात. एका रात्री चादरीवर पाच जातींचे प्रत्येकी 8 पतंग, एकूण 40. जाती किती आणि त्यांचे वाटे किती सारखे, हे एका आकड्यात सांगणारा शॅनन निर्देशांक असा:

H' = -Σ p ln p

p म्हणजे एकूण किड्यांत त्या जातीचा वाटा, ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम, आणि Σ म्हणजे सगळ्या जातींची बेरीज. इथे प्रत्येकीचा 0.2, म्हणून H' = ln 5, म्हणजे 1.61. पुढच्या खेपेला पहिला पाऊस पडून गेला होता. तेच 40 पतंग, आणि वर पंख फुटलेल्या वाळवीचे 360 किडे. वाळवीचा वाटा 0.9, बाकी प्रत्येकीचा 0.02. निर्देशांक 0.49! जाती पाचाच्या सहा झाल्या आणि विविधता कोसळली. e चा 0.49 वा घात केलात तर 1.6 येतात, म्हणजे जेमतेम दीड जात असल्यासारखी चादर. वाळवीचं उड्डाण एका संध्याकाळचं असतं, म्हणून मी वाळवीसह आणि वाळवीशिवाय असे दोन्ही आकडे लिहितो, आणि शेजारी पावसाची नोंद.

आणि कृपा करून पेला व चादर एका बेरजेत घालू नका. एकात चालणारे, दुसरीवर उडणारे. तुलना पेल्याची पेल्याशी, तितकेच पेले, तितक्याच रात्री. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ, अध्यक्ष उभे राहिलेच.